क्रिएटीन आणि वृद्धांचा मेंदू : डब्यावरील आश्वासन व हाती आलेला पुरावा

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या हाती दिसणारा क्रिएटीनचा डबा अलीकडे साठी ओलांडलेली मंडळीही मागू लागली आहेत. तरुण तो दंड भरण्यासाठी घेत असत. ज्येष्ठ मंडळी तो स्मरणशक्तीसाठी मागतात. कोणी परदेशी असलेल्या मुलाने पाठविलेले कात्रण दाखवितो, कोणी आईच्या विस्मरणावर हा उपाय चालेल काय असे विचारतो. चिकित्सालयात आणि औषधाच्या दुकानात हा प्रश्न आता वारंवार येत असल्याने या विषयावरील संशोधन नेमके कोठवर आले आहे, आणि निरोगी वृद्धाला या पुडीपासून कोणती अपेक्षा ठेवता येईल, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

द्रव्याचा परिचय

१८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या अर्कातून हे द्रव्य प्रथम वेगळे केले आणि मांसवाचक ग्रीक शब्दावरून त्याला क्रिएटीन हे नाव मिळाले. हे द्रव्य आपले शरीर स्वतःही तयार करते. आर्जिनिन, ग्लायसिन व मेथिओनिन या तीन अमिनो आम्लांपासून मूत्रपिंड आणि यकृत मिळून रोज सुमारे १ ग्रॅम क्रिएटीन निर्माण करतात. मांसाहारी व्यक्तीला जवळजवळ तेवढेच आहारातून मिळते. एक किलो कच्च्या मांसात किंवा मासळीत ते सामान्यतः ४ ते ५ ग्रॅम असते; दुधात नगण्य, आणि वनस्पतिज आहारात जवळजवळ नसतेच. शरीरातील एकूण साठ्यापैकी सुमारे ९५ टक्के साठा मांसपेशींत असतो. उरलेल्या अल्प भागात मेंदूचा वाटा येतो.

त्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. पेशीतील प्रत्येक काम एटीपी या द्रव्याच्या ऊर्जेवर चालते, परंतु एटीपीचा साठा पेशीत फारसा राहत नाही. तो क्षणाक्षणाला खर्च होतो आणि पुन्हा भरावा लागतो. क्रिएटीन फॉस्फेटशी जोडले जाऊन जी राखीव पुंजी तयार होते, ती अशा अडचणीच्या क्षणी एटीपीला तत्काळ पूर्ववत करते. नित्याचा पुरवठा कमी पडताच हौदातले पाणी उपयोगी पडावे, तसा हा प्रकार होय. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के. पण विश्रांतीच्या स्थितीतही शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. अल्झायमर व्याधीत मेंदूच्या काही भागांतील ग्लुकोजचा वापर घटलेला आढळतो, आणि हे राखीव चलन फिरविणाऱ्या क्रिएटीन कायनेज या विकराची क्रियाही मंदावलेली दिसते. तेव्हा ‘हौद भरला तर मेंदूला आधार मिळेल’ ही कल्पना तर्काला धरून आहे. प्रश्न एवढाच की, तोंडावाटे घेतलेले क्रिएटीन त्या हौदापर्यंत पोहोचते किती?

मेंदूचा उंबरठा

या विषयातील सारी मेख येथे आहे. मांसपेशी रक्तातील क्रिएटीन सहज उचलतात. मेंदू तसे करीत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील आवरणातून क्रिएटीन आत नेणारी वाहक प्रथिने मर्यादित आहेत आणि मेंदू आपल्या गरजेचे बरेचसे क्रिएटीन स्वतःच घडवितो. याचा पुरावा एका दुर्मिळ जन्मजात विकारात मिळतो. ज्या बालकांत क्रिएटीन निर्माण करणारे विकर नसते, त्यांच्या मेंदूतील साठा जवळजवळ रिता असतो. त्यांना मोठ्या मात्रेत क्रिएटीन दिले असता तो भरतो, पण त्यास महिनोन्महिने लागतात. ज्यांच्यात वाहक प्रथिनच सदोष असते, त्यांना कितीही क्रिएटीन दिले तरी मेंदूतील साठा भरून येत नाही.

निरोगी माणसात काय घडते? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात सहा निरोगी तरुणांना रोज २० ग्रॅम क्रिएटीन चार आठवडे देण्यात आले. एम. आर. स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे डोके न उघडता चुंबकीय यंत्राने मेंदूतील रसायने मोजण्याच्या पद्धतीने, पाहता मेंदूतील एकूण क्रिएटीन सरासरी ८.७ टक्के वाढलेले आढळले. याउलट २०१७ साली ब्राझीलमधील संशोधकांनी बालके, प्रौढ व वृद्ध अशा तिन्ही वयोगटांना शरीरभारानुसार दर किलोस ०.३ ग्रॅम याप्रमाणे सात दिवस क्रिएटीन दिले, तेव्हा मांसपेशींतील फॉस्फोक्रिएटीन वाढले, मेंदूतील मात्र हलले नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले असता अर्थ स्पष्ट होतो. मेंदूचा साठा वाढू शकतो, पण तो हळूहळू, थोडा, आणि बहुधा मोठ्या मात्रेने वाढतो. डब्यावर लिहिलेली ३ ते ५ ग्रॅमची मात्रा मांसपेशींच्या अभ्यासातून आलेली आहे. मेंदूसाठी तीच पुरेशी आहे असे गृहीत धरता येत नाही.

शाकाहाराविषयीचा एक समज येथेच तपासला पाहिजे, कारण आपल्याकडे विक्रीसाठी तोच पुढे केला जातो. ‘शाकाहारी माणसाला क्रिएटीन मिळत नाही, म्हणून त्याच्या मेंदूत ते कमी असते’ हे विधान अर्धेच खरे आहे. शाकाहारी व्यक्तीच्या मांसपेशींत साठा खरोखर कमी आढळतो. मेंदूत मात्र शाकाहारी व मांसाहारी यांच्यात फरक आढळलेला नाही. मेंदू आपली गरज स्वतः भागवितो, त्याचाच हा परिणाम. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरातील आजोबांचे विस्मरण क्रिएटीनच्या अभावामुळे आहे, असे म्हणण्यास आधार नाही.

स्मृतिभ्रंशातील प्रयोग

सध्याच्या चर्चेचे मूळ अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. अल्झायमर व्याधीच्या २० रुग्णांना रोज २० ग्रॅम क्रिएटीन मोनोहायड्रेट आठ आठवडे देण्यात आले. त्यांपैकी १९ जणांनी ठरलेल्या मात्रेचा किमान ८० टक्के भाग घेतला. मेंदूतील एकूण क्रिएटीन ११ टक्क्यांनी वाढले आणि बुद्धीच्या काही चाचण्यांतील गुणही सुधारले.

वृत्त आशादायक आहे. पण त्याची मर्यादा वैद्याने नीट समजून घेतली पाहिजे. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सर्वांना क्रिएटीनच मिळाले आणि ते मिळत आहे हे सर्वांना ठाऊक होते. तीच किंवा तशीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की परिचयामुळे गुण थोडे वाढतात. औषध चालू असल्याची जाणीव, परीक्षकांचा सहवास, घरच्यांचे वाढलेले लक्ष यांनीही ते वाढतात. यांपैकी किती वाढ क्रिएटीनची, हे निष्क्रिय पूड घेणारा गट असल्याशिवाय सांगता येत नाही. या मात्रेत द्रव्य मेंदूत पोहोचते आणि रुग्ण ते घेऊ शकतात, एवढे या अभ्यासाने दाखविले. त्याचा मुख्य हेतूही तोच होता. त्यावरून उपचार सिद्ध झाला असा अर्थ काढणे हा अभ्यासकांवरही अन्याय होईल.

सावध राहण्यास आणखी एक कारण आहे. क्रिएटीनविषयी अशीच आशा याआधी दोन मेंदूविकारांत निर्माण झाली होती. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन व्याधीच्या उंदरांतील प्रतिरूपात क्रिएटीनने चेतापेशींचे रक्षण केलेले दिसले होते. त्यावरून अमेरिका व कॅनडा येथे १,७४१ रुग्णांवर मोठा प्रयोग आखण्यात आला. निम्म्यांना रोज १० ग्रॅम क्रिएटीन, निम्म्यांना निष्क्रिय पूड, आणि किमान पाच वर्षे निरीक्षण. २०१३ साली मधल्या टप्प्यावरील पाहणीत दोन्ही गटांत काहीच फरक दिसेना, तेव्हा प्रयोग थांबविण्यात आला आणि २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हंटिंग्टन व्याधीत तर रोज ४० ग्रॅमपर्यंत मात्रा दिली गेली. तो प्रयोगही २०१४ साली याच कारणास्तव बंद करावा लागला. अल्झायमर हा निराळा विकार आहे, त्यामुळे त्यातही असेच होईल असे नव्हे. परंतु सुसंगत तर्क, उत्साहवर्धक प्राणिप्रयोग आणि लहान अभ्यास या तीन पायऱ्या चढूनही चौथ्या पायरीवर यश मिळतेच असे नाही, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानी घ्यावे.

निरोगी वृद्धांचे काय?

निरोगी वृद्धांवरील अभ्यास थोडे आहेत आणि ते एका दिशेला बोट दाखवीत नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात वृद्धांना रोज ५ ग्रॅमच्या चार मात्रा एक आठवडा दिल्या असता अंक क्रमाने आठवणे, जागा आठवणे व दीर्घकालीन स्मरण यांत सुधारणा आढळली. अंक उलट क्रमाने सांगण्यात आढळली नाही. २०१३ सालच्या ब्राझीलमधील अभ्यासात वृद्ध स्त्रियांना तब्बल २४ आठवडे क्रिएटीन दिले, तेव्हा मात्र बुद्धीच्या चाचण्यांत काहीही लाभ दिसला नाही. एका आठवड्यात दिसलेला लाभ सहा महिन्यांत दिसू नये, हे कोड्यात टाकणारे आहे. आणि हे कोडे सोडविण्याइतका मोठा अभ्यास निरोगी वृद्धांवर झालेला नाही.

तरुणांवरील कामातही हाच अनुभव येतो. २००३ साली सिडनी येथे ४५ शाकाहारी तरुणांना रोज ५ ग्रॅम सहा आठवडे दिले असता स्मरण व तर्काच्या चाचण्यांत ठळक सुधारणा दिसली होती, आणि आजही जाहिरातींत तिचाच दाखला दिला जातो. पुढे २०२३ साली तशीच मात्रा व तेवढाच काळ घेऊन १२३ जणांवर अधिक काटेकोर प्रयोग झाला. त्यात लाभ दिसला तो अगदी लहान आणि निश्चितीच्या काठावरचा. शिवाय शाकाहारींना मांसाहारींहून अधिक लाभ झाला नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ साली सर्व पुरावा तपासून क्रिएटीन व बौद्धिक कार्यातील सुधारणा यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असा निर्णय दिला. निरोगी माणसात क्रिएटीन स्मृतिभ्रंशाला रोखते किंवा लांबविते, हे दाखविणारा तर एकही प्रयोग उपलब्ध नाही.

मग वृद्धाने क्रिएटीन घेऊच नये काय? तसे नाही. याच प्राधिकरणाने २०१६ साली एक वेगळा दावा मान्य केला आहे, आणि वृद्धांच्या दृष्टीने तोच खरा महत्त्वाचा आहे. ५५ वर्षांवरील व्यक्तींनी रोज किमान ३ ग्रॅम क्रिएटीन घेऊन आठवड्यातून किमान तीन वेळा वजनांचा व्यायाम केल्यास मांसपेशींच्या बलात होणारी वाढ अधिक होते. व्यायाम हलका चालत नाही. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या सुमारे ६५ ते ७५ टक्के भार घ्यावा लागतो. या मान्यतेत दोन गोष्टी अध्याहृत आहेत. लाभ मूलतः व्यायामाचा आहे, क्रिएटीन त्यात भर घालते. आणि व्यायामाविना नुसती पूड घेणाऱ्यासाठी हा दावा नाही.

एक उदाहरण

वरील विवेचन व्यवहारात कसे वापरावे, यासाठी एक कल्पित रुग्ण घेऊ. वय ६८, वजन ६० किलो, शाकाहारी निवृत्त शिक्षक. मधुमेहासाठी काही वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू. तक्रार अशी की, ओळखीच्या माणसांची नावे वेळेवर आठवत नाहीत. मुलाने क्रिएटीनचा डबा आणून दिला आहे.

डबा उघडण्यापूर्वी विस्मरणाचे कारण शोधले पाहिजे. शाकाहार आणि मेटफॉर्मिन ही दोन्ही बी-१२ जीवनसत्त्व कमी होण्याची कारणे येथे एकत्र आली आहेत. हे जीवनसत्त्व व थायरॉईड यांची रक्ततपासणी, ऐकण्याची क्षमता, झोप, झोपेच्या गोळ्या आणि खिन्नता यांची चौकशी आधी व्हावी. यांपैकी कशाने विस्मरण झाले असेल तर त्यावर निश्चित उपाय आहे, आणि क्रिएटीनच्या आशेवर घालविलेले सहा महिने हेच त्या रुग्णाचे खरे नुकसान ठरेल. नावे उशिरा आठवणे वयोमानाने होते. पण नेहमीचा रस्ता चुकणे, हिशेब न जमणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे असे आढळल्यास मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठविण्यात विलंब करू नये.

समजा, तपासण्या ठीक निघाल्या, मूत्रपिंडाचा विकार नाही आणि ते व्यायामासाठी क्रिएटीन घेऊ इच्छितात. अशा वेळी आरंभापूर्वीच रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासून नोंद ठेवावी. नावे सारखी असल्याने घोटाळा होतो, म्हणून सांगतो: क्रिएटीन हे उपयोगी द्रव्य, तर क्रिएटिनिन हा त्याच्यापासून बनणारा आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा त्याज्य भाग. शरीरातील साठा वाढला की त्याज्य भागही थोडा वाढतो. मूत्रपिंड बिघडलेले नसतानाही वाढतो.

या गृहस्थांचे क्रिएटिनिन आरंभी १.० होते आणि दोन महिन्यांनी १.२ झाले, असे धरू. प्रयोगशाळा या आकड्यावरून मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा अंदाज काढते. २०२१ सालच्या प्रचलित सूत्राने तो अंदाज ८२ वरून ६६ वर येतो. अहवाल पाहून घरचे घाबरतात, आणि रुग्ण एखादी रसौषधी घेत असेल तर दोष सरळ वैद्याच्या भस्मावर येतो. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मधुमेही रुग्णाचे मूत्रपिंड खरोखरच खालावत असते आणि ‘ते क्रिएटीनमुळे वाढले असेल’ म्हणून आकडा दुर्लक्षिला जातो. दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग एकच. सिस्टॅटिन-सी ही तपासणी करावी. ती क्रिएटीनच्या सेवनाने बदलत नाही, मात्र थायरॉईडचे विकार व स्टिरॉइड औषधे यांनी बदलते, हे लक्षात असावे. ती सोय नसल्यास क्रिएटीन बंद करून चार ते सहा आठवड्यांनी, म्हणजे वाढीव साठा ओसरल्यावर, क्रिएटिनिन पुन्हा पाहावे. आकडा १.० वर परतला तर वाढ क्रिएटीनची होती असे समजावे. परतला नाही, किंवा लघवीत अल्ब्युमिन वाढलेले आढळले, तर मूत्रपिंडतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मूत्रपिंडाचा ज्ञात विकार असलेल्या रुग्णाने क्रिएटीन स्वतःच्या मनाने सुरूच करू नये.

मात्रा रोज ३ ते ५ ग्रॅम, जेवणानंतर. आरंभी २० ग्रॅमची भरणी करण्याची वृद्धाला गरज नाही; लहान मात्रेनेही मांसपेशींचा साठा तीन-चार आठवड्यांत भरतो. एका वेळी मोठी मात्रा घेतली तर पातळ जुलाब होण्याचा संभव असतो. पेशींत पाणी धरले जाऊन वजन किलो-दीड किलोने वाढू शकते. ते मांस वाढल्याचे लक्षण मानू नये, आणि हृदयविकारामुळे ज्यांच्या वजनावर रोज लक्ष ठेवावे लागते त्यांच्या बाबतीत तर हे विशेष ध्यानात ठेवावे. लाभ झाला की नाही, हे पाहण्याची सोपी कसोटी आहे: हात न टेकता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे आरंभी व तीन महिन्यांनी मोजावे. आकडा वाढला नसेल तर आधी व्यायाम खरोखर झाला काय हे विचारावे, आणि झाला असूनही वाढ नसेल तर डबा बंद करावा.

विक्रेत्यांसाठी

अभ्यास झाले आहेत ते जवळजवळ सर्व साध्या क्रिएटीन मोनोहायड्रेटवर. हायड्रोक्लोराइड व इतर महाग प्रकार त्याहून श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही. मोनोहायड्रेट हा एकच घटक असलेली, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक छापलेली पूड द्यावी. कॅफीन व अनेक वनस्पतींच्या अर्कांचे मिश्रण वृद्धास देऊ नये. पूड पाण्यात कालवून लगेच प्यावी. द्रावण करून ठेवल्यास क्रिएटीनचे हळूहळू क्रिएटिनिन होते आणि लिंबाचा रस घातल्यास ते अधिक वेगाने होते. डबा देताना गिऱ्हाइकास ‘पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी हे घेत असल्याचे सांगा’ एवढे वाक्य अवश्य सांगावे.

आमचे मत थोडक्यात असे. निरोगी वृद्धाने क्रिएटीन घेतले तर ते पायांच्या बळासाठी, व्यायामासह आणि मूत्रपिंडाची नोंद ठेवून घ्यावे. स्मरणात काही लाभ झालाच तर तो इतका लहान असेल की नित्य व्यवहारात जाणवेलच असे नाही. अल्झायमरच्या रुग्णाला २० ग्रॅमची मात्रा घरच्या घरी चालू करण्याइतका पुरावा आज नाही. कॅन्ससमधील अभ्यासाचा पुढचा टप्पा निष्क्रिय पुडीच्या गटासह व अधिक रुग्णांवर होऊन त्याचे निष्कर्ष येतील, तेव्हाच या मताचा फेरविचार करता येईल. तोवर विस्मरणाची तक्रार घेऊन दारी आलेल्या वृद्धाची तपासणी आधी करावी आणि डब्याविषयी नंतर बोलावे.